दोनच्या आत असलेली चूक

निकाल बाहेरून तपासून घेणारी योजना तशी जुनी आहे. 1940 च्या दशकात अमेरिकेत बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवले, आणि आलेले आकडे एकमेकांशी फारसे जुळेनात. आज भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची योजना किंवा एखाद्या कंपनीची योजना हेच काम करते. साधारणपणे दर महिन्याला भुकटीच्या रूपातले सीरम येते, त्यात मोजून पाणी घालायचे, रुग्णाच्या नमुन्यासारखेच ते मशीनवर चालवायचे आणि निकाल कळवायचा. काही आठवड्यांनी अहवाल येतो. तो आला की बहुतेक ठिकाणी नजर एकाच रकान्याकडे जाते, तो म्हणजे एसडीआय, स्टँडर्ड डेव्हिएशन इंडेक्स. दोनच्या आत असेल तर फाइलला लावायचा, दोन ते तीनमध्ये असेल तर सावध व्हायचे, तीनच्या पुढे गेला तर कारवाईचा कागद भरायचा. ही रीत अपुरी आहे, असे माझे मत आहे. एसडीआय आपली चूक थेट मोजत नाही. इतरांच्या आकड्यांत जेवढी पांगापांग आहे, तिच्या मापाने तो आपली चूक सांगतो, आणि ही पांगापांग दर महिन्याला बदलते.

हिशोब सोपा आहे. आपल्या निकालातून गटाची सरासरी वजा करायची आणि उरलेल्या फरकाला गटाच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागायचे. छेदातला आकडा गटाचा असतो, आपला नसतो. सोडियमचे उदाहरण घ्या. गटाची सरासरी 140, एसडी अवघा 0.8 आणि आपला निकाल 142 असेल, तर एसडीआय 2.5 येतो आणि अहवालावर खूण पडते. प्रत्यक्षात फरक दोन मिलिमोलचा आहे, आणि अमेरिकेच्या क्लिया नियमांत सोडियमला चार मिलिमोलची मुभा आहे. गट एकमेकांच्या फार जवळ आहे, म्हणून आपण उठून दिसतो. इथे कारण शोधायला हवे, पण रुग्णांचे अहवाल थांबवण्याइतके ते गंभीर नाही.

याची उलट बाजू जास्त घातक आहे. सीरम क्रिएटिनिनचे सहा महिन्यांचे अहवाल समोर आहेत असे समजू. पहिल्या तीन महिन्यांत एसडीआय शून्याच्या आसपास, कधी थोडा अधिक तर कधी थोडा उणे. चौथ्या महिन्यात गटाची सरासरी 0.70, एसडी 0.06 आणि आपला निकाल 0.80, म्हणजे एसडीआय 1.7. पाचव्या महिन्यात सरासरी 0.90, एसडी 0.07, निकाल 1.02, एसडीआय पुन्हा 1.7. दोन्ही वेळा खूण नाही, आणि दोन्ही अहवाल सही होऊन फाइलला लागले. सहाव्या महिन्यात सरासरी 1.40, एसडी 0.07, निकाल 1.59, एसडीआय 2.7, आणि आता मात्र खूण पडली. एसडीआयचा रकानाच वाचला तर वाटेल की बिघाड याच महिन्यातला आहे. त्याच ओळींत टक्क्यांचा फरक काढून पाहा: 14, 13, 14. चूक तिन्ही महिने तेवढीच होती. कमी पातळीवर गटाची पांगापांग टक्क्यांच्या हिशोबात मोठी असल्यामुळे ती झाकली गेली, इतकेच.

टक्क्यांचे हे तीन आकडे कारणाकडेही बोट दाखवतात. कमी, मध्यम आणि जास्त पातळीवर फरक सारख्याच प्रमाणात वाढतो आहे, तेव्हा संशय कॅलिब्रेशनवर जातो. प्रत्येक पातळीवर तेवढ्याच मिलिग्रॅमचा फरक असता, तर ब्लँक किंवा अडथळा आणणारा एखादा घटक तपासला असता. कधी वर, कधी खाली असता, तर पिपेट, प्रोब, नमुन्यातला बुडबुडा यांच्याकडे पाहिले असते. एकाच कुपीतल्या सगळ्या चाचण्या एकाच बाजूला सरकल्या असत्या, तर पाणी कमी-जास्त पडले असे म्हटले असते. इथे लॉगबुक उघडल्यावर दिसते की चौथ्या महिन्याच्या सुरुवातीला कॅलिब्रेटरचा नवा लॉट लावला होता. नव्या बाटलीबरोबरच्या कागदावर क्रिएटिनिनचे मूल्य 3.6 आहे, पण मशीनमध्ये जुन्या लॉटचे 4.1 तसेच राहिले आहे. 4.1 ला 3.6 ने भागा, म्हणजे चौदा टक्क्यांचा उलगडा होतो.

यावर पहिला आक्षेप असा, की रोजचे कंट्रोल दोन एसडीच्या आत होते, मग चूक कशी मानायची? कंट्रोलची सरासरी कधी ठरवली, ते पाहायला हवे. त्याच आठवड्यात कंट्रोलचाही लॉट बदलला आणि नवी सरासरी चुकीच्या कॅलिब्रेशनवर चाललेल्या रनमधून काढली, तर कंट्रोल त्या चुकीशीच जुळत राहणार. प्रयोगशाळा स्वतःशी सुसंगत आहे, एवढेच रोजचे कंट्रोल सांगते. म्हणून कंट्रोल आणि कॅलिब्रेटर यांचे लॉट एकाच वेळी बदलू नयेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वीस चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत कुठलाही दोष नसताना दर महिन्याला सरासरी एखादी चाचणी दोनच्या बाहेर जाणारच, मग प्रत्येकीमागे किती धावायचे? हे गणित बरोबर आहे, आणि म्हणूनच एकट्या खुणेपेक्षा मागच्या महिन्यांची दिशा मोलाची ठरते. योगायोगाने पडलेली खूण पुढच्या महिन्यात सहसा दिसत नाही. सलग तीन महिने एकाच बाजूचे 1.7 मात्र खूण नसतानाही चौकशीला पात्र आहेत. तिसरा आक्षेप, की गटाची सरासरी म्हणजे सत्य नव्हे. हेही खरे आहे. भुकटीचे सीरम रुग्णाच्या ताज्या सीरमसारखे वागेलच असे नाही, आणि याफे पद्धत वापरणारी प्रयोगशाळा एन्झायमॅटिक गटात नोंदली गेली असेल, तर फरक पद्धतींचा असतो. म्हणून आपण कोणत्या गटात आहोत आणि त्या गटात किती प्रयोगशाळा आहेत, हे आधी पाहायचे. आठ-दहा जणांच्या गटात एकाच्या चुकीनेही एसडी फुगतो.

खूण पडल्यावर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कारकुनी तपासायची: मशीनवरचा मूळ आकडा आणि कळवलेला आकडा एकच आहे का, एकक आणि दशांशचिन्ह बरोबर आहे का, दोन कुपींची अदलाबदल तर झाली नाही. मग जपून ठेवलेला उरलेला नमुना पुन्हा लावायचा. आता बरोबर आला म्हणून प्रकरण मिटत नाही. मधल्या काळात कॅलिब्रेशन पुन्हा झाले होते का, हे बघावे लागते. पुन्हा तेवढाच चुकला, तर दोष अजून चालूच आहे. ‘मशीन रिकॅलिब्रेट केले, कर्मचाऱ्यांना समज दिली’ असे कारवाईच्या कागदावर लिहिलेले नेहमी दिसते, आणि तसे लिहिण्याला माझा ठाम विरोध आहे. वरच्या उदाहरणात 4.1 तसेच ठेवून रिकॅलिब्रेट केले असते, तर तीच चूक पुन्हा पक्की झाली असती.

आणि सर्वांत दुर्लक्षित राहतो तो रुग्ण. साठ वर्षांच्या पुरुषाचे खरे क्रिएटिनिन 1.2 असेल, तर 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याचा ईजीएफआर 69 च्या आसपास येतो. चौदा टक्के वाढून ते 1.37 झाले की ईजीएफआर 59 वर उतरतो. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला, तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची व्याख्या पूर्ण होते, आणि ही चूकही जवळपास तेवढेच दिवस चालली. म्हणून कॅलिब्रेटरचे मूल्य सुधारल्यावर फ्रीजमध्ये असलेले अलीकडचे रुग्ण-नमुने पुन्हा लावायचे, त्या लॉटच्या पहिल्या दिवसापासूनच्या अहवालांची यादी काढायची, औषधाची मात्रा किंवा निदान बदलू शकेल असे आकडे निवडायचे आणि संबंधित डॉक्टरांना सुधारित अहवाल द्यायचे. कंट्रोलची सरासरीही नव्याने बांधायची. पुढच्या काही महिन्यांत वेगवेगळ्या पातळ्यांवर टक्क्यांचा फरक शून्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेला दिसला, की कारवाईचा कागद बंद करायला हरकत नाही.