परिचयाची दोन मिनिटं

व्यावसायिक संमेलनात प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून द्यायची जबाबदारी आली की बहुतेक जण पाहुण्यांकडून बायोडेटा मागवतात आणि तोच वाचून दाखवतात. जन्म, शिक्षण, पदं, पुरस्कार. ऐकणाऱ्यांचं लक्ष तिसऱ्या-चौथ्या पुरस्कारालाच सुटतं, आणि व्यासपीठावरचा माणूस अवघडून बसतो.

समजा, जिल्ह्यातल्या बालरोगतज्ज्ञांचं संमेलन आहे आणि पाहुणे आहेत डॉ. अभय बंग. बायोडेटात पद्मश्री आहे, महाराष्ट्र भूषण आहे. मी दोन्ही सोडून देईन. समोर बसलेले डॉक्टर रोज ज्याच्याशी झुंजतात, तेवढंच उचलेन:

‘‘नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की आपण त्याला लगेच दाखल करून घेतो. पण जिथलं बाळ दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, तिथं काय? गडचिरोलीच्या 39 गावांत याचं उत्तर गावातल्याच बायकांनी दिलं. त्या आरोग्यदूत झाल्या. घरोघर जाऊन त्यांनी बाळांची वजनं केली, लक्षणं ओळखली, गरज पडली तेव्हा इंजेक्शनंही दिली. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’नं हे छापलं. पुढे आशाताईही अशाच घरोघरी जाऊ लागल्या. डॉ. राणी बंग यांच्यासोबत ‘सर्च’ उभी करणारे आणि या आरोग्यदूतांना घडवणारे आपले आजचे पाहुणे, डॉ. अभय बंग.’’

सावकाश बोललं तरी हे दीड मिनिटाच्या आत संपतं. नाव मुद्दाम शेवटी ठेवलंय. ते पत्रिकेवर छापलेलं असतंच, त्यामुळे उत्सुकता ताणायचा प्रश्न नाही. पण टाळ्या नावावर पडतात आणि त्याच टाळ्यांत पाहुण्यांना उठून माइकपर्यंत येता येतं. नाव आधी घेतलं तर टाळ्या मध्येच वाजून जातात. एकही विशेषण नाही, तरी यात आपुलकी आहे, कारण ऐकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला स्वतःच्या वॉर्डातलं एखादं बाळ आठवतं. हेच भाषण अभियंत्यांपुढे केलं तर निम्मं वाया जाईल. तिथं वेगळा धागा शोधावा लागेल.

आदल्या दिवशी पाहुण्यांना फोन मात्र करायलाच हवा. नावाचा उच्चार, आत्ताचं पद आणि आपण सांगणार तो आकडा त्यांच्याकडून तपासून घ्यावा. आणखी एक विचारावं: उद्या आपण भाषणाची सुरुवात कशानं करणार? ते आरोग्यदूतांपासूनच सुरू करणार असतील, तर वरचा परिच्छेद सोडून दुसरा लिहायचा. त्यांच्या तोंडची गोष्ट आपण आधी सांगून टाकली, तर त्यांना उभ्या उभ्या नवी सुरुवात शोधावी लागते.

एका संमेलनात मी हा फोन केला नव्हता. हातातला बायोडेटा जुना होता आणि त्यातलं पद पाहुण्यांनी केव्हाच सोडलेलं होतं. त्यांच्या भाषणाचं पहिलं वाक्य त्या दुरुस्तीतच गेलं.