पिंपाच्या कडेवरची अंडी

पुणे, १४ जुलै, रात्री

कॉलेजजवळच्या जुन्या वाड्यात खोली मिळाली. सामान लावून झालं. इथे आधीपासून राहणाऱ्यांशी आज ओळख झाली.

पहिल्या भेटल्या मुंग्या. खिडकीच्या फटीतून निघालेली रांग थेट साखरेच्या डब्यापर्यंत. खाऊ सापडलेली मुंगी परतताना पोट जमिनीला टेकवत वासाची रेघ सोडते आणि मागून येणाऱ्या मुंग्या ती गडद करत जातात. साबणाच्या पाण्याचं फडकं मधल्या वीतभर जागेवरून फिरवलं, तर दोन्ही बाजूंच्या मुंग्या थबकून मिशा हलवत भिरभिरू लागल्या. थोड्या वेळाने त्यांनी वळसा शोधलाच. साखर घट्ट झाकणाच्या बरणीत गेली, तेव्हा कुठे रांग विरळ झाली.

ट्यूबलाइटमागे पाल आहे. घरातली पाल विषारी नसते. उजेडावर येणारे पतंग, किडे खाते. तिला हाकलणार नाही. पण डासांचं काम तिच्यावर सोपवून चालणार नाही, कारण ती रात्रीची शिकारी आणि मला दुपारी अभ्यास करताना चावले ते पायांवर पांढरे पट्टे असलेले डास. हे एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवतात ते हेच, आणि ते चावतात मुख्यतः दिवसा.

ते येतात कुठून, ते मोरीत कळलं. नळाला पाणी सकाळीच येतं, म्हणून आधीच्या भाडेकरूने पिंप भरून ठेवलेलं, झाकण नसलेलं. टॉर्च मारला तर अळ्या डोकं खाली करून पृष्ठभागाला लटकलेल्या; शेपटाकडची नळी वर काढून त्या श्वास घेतात. हाताची सावली पडताच सगळ्या वळवळत तळाशी गेल्या. काही स्वल्पविरामासारख्या वाकलेल्या होत्या. ते कोष. त्यांतून दोनेक दिवसांत डास उडतात.

घरमालकीण काकू म्हणाल्या, "नुसतं ओतू नकोस रे, कडा घास." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला अंडी चिकटवते. पिंप रिकामं केलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी होऊनही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून पाणी अंगणातल्या कोरड्या मातीवर ओतलं, ताठ ब्रशने आतली बाजू काठापासून तळापर्यंत घासली आणि पिंप उन्हासाठी पालथं ठेवलं.

उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. त्याआधीच मोडता घालायचा, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. माझा रविवार ठरला: पिंप, बादली, कुंडीखालची ताटली, तिन्ही घासायची. पिंपाला झाकण मिळेपर्यंत तोंडाला जुनं धोतर घट्ट बांधायचं. वाड्यात आणखी चार बिऱ्हाडांची पिंपं आहेत. एकट्याचं पिंप कोरडं ठेवून डास थांबणार नाहीत, तेव्हा उद्या सकाळी नळावर सगळ्यांशी बोलायचं.