ओटीपी देण्याआधी जॉबशीट वाचा

नवा फ्रिज गार होत नाही म्हणून कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली जाते. दोन दिवसांनी तंत्रज्ञ येतो, मागचं झाकण उघडतो, काहीतरी खाटखूट करतो आणि ‘आता ठीक आहे, उद्या सकाळपर्यंत कूलिंग येईल’ असं सांगतो. जाताजाता विचारतो, ‘मोबाइलवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.’ घरातलं माणूस आकडे वाचून दाखवतं आणि मोकळं होतं. त्याच क्षणी कंपनीच्या संगणकात त्या तक्रारीपुढे ‘काम पूर्ण’ अशी नोंद पडते. दुसऱ्या दिवशी दूध नासतं, पण कागदोपत्री फ्रिज दुरुस्त झालेला असतो.

पुढे प्रकरण जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात गेलं, की कंपनीचे वकील हीच नोंद काढून दाखवतात. तक्रारदाराला मुळात दोनच गोष्टी दाखवायच्या असतात. दोष वॉरंटीच्या काळात दिसला ही एक, आणि तो काढायची पुरेशी संधी देऊनही कंपनीला तो काढता आला नाही ही दुसरी. दोन्ही गोष्टी शाबीत करण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते, आणि त्या शाबीत होतात त्या तंत्रज्ञाच्या भेटीत तयार झालेल्या कागदांवरून. आयोगासमोर कितीही पोटतिडकीने बोललं तरी या कागदांची जागा भरून निघत नाही.

एक प्रकरण डोळ्यांसमोर धरू. समजा, चिपळूणच्या एका कुटुंबाने दादरच्या दुकानातून 34,500 रुपयांचा फ्रिज घेतला. वॉरंटी संपूर्ण फ्रिजवर एक वर्ष, कॉम्प्रेसरवर दहा वर्षं. तिसऱ्या महिन्यात कूलिंग गेलं. तंत्रज्ञाने ‘गॅस कमी झालाय’ म्हणत गॅस भरला. सहा आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा गॅस. दिवाळीच्या तोंडावर तिसऱ्यांदा.

या कुटुंबाच्या हातात किती भक्कम पुरावा आहे, हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसतं. फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून पुन्हापुन्हा फिरत राहतो आणि नळी फुटली नाही तर वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. त्यामुळे काही महिन्यांत तीनदा गॅस भरावा लागला, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधताच वरवर भरणी चालली आहे. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये काही नळ्या बाहेर न दिसता भिंतीच्या फोममध्ये गाडलेल्या असतात. गळती तिथे असेल तर ती बुजवणं जवळपास अशक्य. भिंतीत हात घालताच येत नाही. अशा फ्रिजला चौथ्यांदा गॅस भरणं म्हणजे निव्वळ वॉरंटीचे दिवस ढकलणं.

म्हणूनच तिन्ही जॉबशीटवर काय लिहिलं आहे, याला महत्त्व. ‘तपासले, ओके’ एवढंच लिहिलं असेल तर त्यातून काही निघत नाही. ‘कूलिंग नाही, गॅस कमी आढळला, गॅस भरला’ असं तारखेसह तीनदा लिहिलेलं असेल, तर कंपनीच्याच माणसाच्या हस्ताक्षरात दोषाची कबुली मिळते. तंत्रज्ञाला गळती तपासली का, कुठे सापडली, असं विचारावं आणि उत्तर लिहून मागावं. तो नाही म्हणाला तर ग्राहकाने सही करण्याच्या जागेवर स्वतःच्या हाताने ‘कूलिंग सुरू झालेलं नाही’ असं लिहून मग सही करावी आणि फोटो घ्यावा. आजकाल जॉबशीट कागदावर न येता एसएमएसमधल्या लिंकवर येते. ती लिंक काही दिवसांनी उघडत नाही, तेव्हा लगेच उतरवून ठेवावी. ओटीपीचं म्हणाल, तर फ्रिज चालतोय की नाही हे कळायला निदान काही तास लागतात, आणि तोवर ओटीपी न देण्यात काही गैर नाही. तंत्रज्ञावर दिवसाच्या ‘क्लोजिंग’चा दबाव असतो, हे खरं, पण त्याचा भार ग्राहकाने का वाहावा? आणि ओटीपी देऊन झालाच असेल, तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करून तक्रार कायम असल्याचं कळवावं. तेवढ्यानेही त्या नोंदीचं वजन बरंच कमी होतं.

घरी तयार करता येणारा पुरावाही साधाच आहे. फ्रिजच्या आतल्या भागात सुमारे चार अंश आणि फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांच्या आसपास तापमान अपेक्षित असतं. साधा थर्मामीटर आत ठेवून, बारा तासांनी, न थांबवता एकच व्हिडिओ काढावा. त्यात आधी फ्रिजची नावपट्टी, म्हणजे मॉडेल आणि सीरियल नंबर, मग तापमानाचं सेटिंग, मग थर्मामीटर दिसायला हवा. स्टॅबिलायझर असेल तर त्यावरचा व्होल्टेजचा आकडाही टिपावा, कारण ‘तुमच्याकडे व्होल्टेजच कमी आहे’ हा कंपनीचा हमखास बचाव. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडण्याची पद्धत आहे. म्हणून मूळ व्हिडिओ ज्या फोनमध्ये आहे तो जपावा; व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली प्रत मूळ नसते.

बिलाचं दुखणं वेगळं. दुकानातलं गुळगुळीत कागदावरचं बिल उष्णतेने उमटवलेलं असतं आणि वर्षभरात कोरं होतं. घरी आल्याआल्या त्याची झेरॉक्स आणि फोटो काढावा. दुसरी एक सवय मात्र घातक आहे. जीएसटीची वजावट मिळते म्हणून घरचा फ्रिज धंद्याच्या नावावर घेतला जातो. मग आयोगात पहिला आक्षेप येतो, की ही खरेदी व्यापारी कारणासाठी आहे, सबब हे ‘ग्राहक’च नाहीत. कायद्याची व्याख्या व्यापारी खरेदीला वगळते, आणि वाचवलेल्या चार पैशांपायी सगळी तक्रार अडचणीत येते.

आता चिपळूणच्या कुटुंबाने करायचं काय? आधी कंपनीला आणि दुकानदाराला एकच ईमेल: खरेदीची तारीख, सीरियल नंबर, तिन्ही भेटींच्या तारखा आणि तक्रार क्रमांक, आणि नेमकी मागणी. पंधरा दिवसांची मुदत द्यावी. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते आणि पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, पण तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. तिथे प्रकरण पडून आहे म्हणून कायद्याची मुदतही थांबत नाही. ती मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

मुदतीत तोडगा निघाला नाही तर आयोग. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली: ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. फ्रिज दादरचा असला तरी तक्रार रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात चालते. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं जिल्हा आयोगाकडे येतात आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. e-jagriti.gov.in वरून तक्रार घरबसल्या दाखल होते. वकील देणं बंधनकारक नाही. तक्रारीसोबत शपथपत्र लागतं, आणि कंपनी व दुकानदार दोघांनाही ‘सामनेवाले’ करावं. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

मागणी लिहिताना हात जरा आवरावा लागतो. 34,500 रुपयांच्या फ्रिजसाठी मानसिक त्रासाचे दहा लाख मागणारी तक्रार वाचणाऱ्याच्या मनात पहिल्याच पानावर शंका पेरते. फ्रिज बदलून मिळावा, ते शक्य नसेल तर किंमत व्याजासह परत मिळावी, आणि त्याशिवाय वाजवी नुकसानभरपाई व खर्च, असं क्रमाने लिहिलेलं बरं. हा क्रम महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये मारुती उद्योगच्या एका गाडीच्या प्रकरणात स्पष्ट केलं होतं, की वॉरंटीत फक्त सदोष भाग बदलून देण्याची अट असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. फ्रिजच्या कंपन्याही याच निकालाचा आधार घेतात. त्यावर उत्तर एकच: भाग बदलून दोष जाणारा नाही, हे दाखवणं. फोममधली गळती आणि तीन जॉबशीट नेमक्या इथे कामी येतात.

तक्रार अंगीकृत झाली की सामनेवाल्यांना नोटीस जाते. लेखी जबाबासाठी त्यांना तीस दिवस मिळतात आणि फार तर पंधरा दिवस वाढवून मिळतात. त्यानंतर आलेला जबाब आयोग घेऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च 2020 मध्ये ठरवून टाकलं आहे. कंपनीने दोषच नाकारला आणि तपासणीशिवाय निर्णय होत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. अशा वेळी नाक्यावरच्या मिस्त्रीकडून फ्रिज उघडून घेतलेला असेल किंवा कंटाळून तो भंगारात दिला असेल, तर तपासायला काही उरतच नाही. दुसरा फ्रिज घ्यायची वेळ आली तरी जुना झाकून ठेवावा, विकू नये.

निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा त्याच्या कितीतरी पुढे जातात, हे तक्रार करणाऱ्याने आधीच धरून चालावं. निकाल विरोधात गेला तर कंपनी 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकते, पण त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम तिला आधी भरावी लागते. अपील नाही आणि आदेशाचं पालनही नाही, अशी वेळ आली तर कलम 72 खाली अर्ज करता येतो. त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.