इमारत आपली, पण सातबारा कोणाचा?

पिंपरी-चिंचवड परिसरात कारखान्यात आयुष्य काढलेल्या अनेक कुटुंबांनी भविष्यनिर्वाह निधीतून, सोसायटीच्या कर्जातून आणि घरच्या सोन्यातून सदनिका घेतली. कर्ज फिटले, मुले मोठी झाली, सोसायटीची नोंदणी झाली, भागदाखला कपाटात नीट ठेवला. आता घर आपले, असे आपण समजून चाललो. परंतु एखाद्या दिवशी इमारतीच्या जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून पाहिली, तर कित्येक ठिकाणी तीस वर्षांपूर्वीच्या बिल्डरचे किंवा मूळ शेतकऱ्याचेच नाव दिसते.

यात कोणाची नजरचूक नाही. सदनिकेच्या करारनाम्याने आपल्याला चार भिंतींचा हक्क मिळतो. भागदाखल्याने आपण सोसायटीचे सभासद होतो. मात्र जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होते ती तिसऱ्या कागदाने, म्हणजे अभिहस्तांतरणाच्या दस्ताने. लोक त्याला 'कन्व्हेअन्स' म्हणतात. हा दस्त बिल्डरने करून द्यायचा असतो, आणि बहुतेक ठिकाणी राहून जातो तो हाच.

कायदा याबाबतीत जुना आणि स्पष्ट आहे. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या कायद्याच्या (ज्याला सर्वजण 'मोफा' म्हणतात) कलम ११ प्रमाणे जमिनीतील आपला हक्क सोसायटीकडे सोपवणे बिल्डरवर बंधनकारक आहे. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत हे करायचे, असे १९६४ च्या नियमांत सांगितले आहे. कलम १३ मध्ये कसूर करणाऱ्यास शिक्षेचीही तरतूद आहे. तरीही बिल्डर टाळतो. कधी म्हणतो की दोन सदनिका विकायच्या राहिल्या आहेत, कधी म्हणतो की शेजारच्या इमारतीचे काम चालू आहे. खरे कारण बहुधा वेगळे असते. जमीन त्याच्या नावावर असेपर्यंत तिच्यावर शिल्लक राहिलेले किंवा नियम बदलल्यावर वाढलेले बांधकाम क्षेत्र, म्हणजे एफएसआय, आपल्याच हाती आहे असे तो धरून चालतो. ती जमीन तो बँकेकडे तारणही ठेवू शकतो.

एक उदाहरण डोळ्यासमोर धरू. चिंचवडला १९९४ साली उभी राहिलेली तीन इमारतींची एक वसाहत आहे. एकूण प्लॉट ३००० चौरस मीटर आणि तिन्ही इमारतींचे मिळून मंजूर बांधकाम ४५०० चौरस मीटर. त्यातील आपल्या इमारतीचे बांधकाम १३५० चौरस मीटर. १९९६ ला सोसायटी नोंदली गेली. बिल्डर पुढे वारला. व्यवसाय मुलांकडे गेला आणि पत्राला उत्तर येईनासे झाले. आता स्लॅबमधून पाणी गळते, पुनर्विकास करायचा म्हणतात, पण जमीन सोसायटीच्या नावावर नसल्यामुळे नकाशा मंजुरीचा आणि बँकेचा प्रश्न तेथेच अडतो. अशा सोसायटीने काय करावे?

२००८ सालापर्यंत दिवाणी न्यायालय किंवा ग्राहक मंच एवढाच मार्ग होता आणि दाव्यात वर्षे जात. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन 'मानीव अभिहस्तांतरण' आले. बिल्डर येवो न येवो, त्याने दस्त करून दिला आहे असे कायद्याने मानायचे, हा त्याचा अर्थ. त्याचे नियम २०१० मध्ये आले आणि २२ जून २०१८ च्या शासन निर्णयाने कागदपत्रांची यादी कमी झाली. यासाठी वेगळे न्यायालय लागत नाही. जिल्ह्याचे उपनिबंधक, सहकारी संस्था हेच यात सक्षम प्राधिकारी असतात.

सुरुवात सर्वसाधारण सभेच्या ठरावाने होते. मग बिल्डरला रजिस्टर टपालाने नोटीस द्यायची आणि पोचपावती जपून ठेवायची. त्याने दाद दिली नाही, तर नमुना ७ मधील अर्ज २००० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह दाखल करायचा. अर्जासोबत सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, सभासदांची यादी, सदनिकेचा नोंदणीकृत करारनामा, सभासदांच्या सूची-२ म्हणजे 'इंडेक्स टू', मंजूर नकाशा आणि बिल्डरला दिलेली नोटीस असे कागद जोडावे लागतात. पुष्कळ जुन्या इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलेच नाही. त्यामुळे लोक घाबरून अर्जच करीत नाहीत. ही भीती सोडावी. २०१८ च्या निर्णयाप्रमाणे अशा वेळी संस्थेचे स्वयंघोषणापत्र चालते.

अर्ज दाखल झाला की बिल्डरला आणि जमीन मालकाला नोटीस निघते, वृत्तपत्रातही जाहीर नोटीस येते आणि सुनावणी होते. कायद्याने सहा महिन्यांची कमाल मर्यादा घातली आहे, पण प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागू शकतो याची मनाची तयारी ठेवावी. निकाल बाजूने लागला की आदेश आणि प्रमाणपत्र मिळते.

आता ज्या दोन ठिकाणी अर्ज बिघडतात, तिकडे वळू.

पहिली जागा आहे जमिनीचे माप. आपल्या उदाहरणातील बिल्डरचे वारस सुनावणीला येऊन म्हणतील की, इमारतीच्या पायाखालची ४५० चौरस मीटर जमीन द्यायला आमची हरकत नाही. ऐकायला हे बरे वाटते. पण हिशेब करून पाहा. एकूण ४५०० चौरस मीटर बांधकामात आपले १३५०, म्हणजे तीस टक्के. मग प्लॉटच्या ३००० चौरस मीटरमध्ये आपला प्रमाणशीर वाटा ९०० चौरस मीटर होतो. रस्ते आणि मोकळी जागा समाईक असल्याने त्यातला हक्क अविभाज्य राहतो. ४५० वर समाधान मानले तर निम्मा वाटा गेला. एफएसआय प्लॉटच्या क्षेत्रावर मोजतात, म्हणून पुनर्विकासाचे बांधकामही त्याच प्रमाणात गेले. उलट काही संस्था रागाच्या भरात सबंध ३००० चौरस मीटर आपल्याच नावे मागतात. तसा अर्ज शेजारच्या दोन इमारतींच्या हरकतीवर अडतो, आणि आदेश मिळालाच तरी पुढे रद्द होण्याची भीती राहते. म्हणून आधी वास्तुविशारदाकडून मंजूर नकाशावरून बांधकामाच्या क्षेत्राचा दाखला घ्यावा आणि त्या प्रमाणातच, तोही करारनाम्यात दाखवलेल्या जमिनीशी ताडून, हक्क मागावा. शेजारच्या इमारतींनी एकत्र अर्ज केला तर हा वाद बराच मिटतो.

दुसरी जागा म्हणजे जमीन मालक. आपल्या भागात भोसरी, चिखलीपासून चाकणपर्यंत पुष्कळ जमीन शेतकरी कुटुंबांची होती. बिल्डरने ती खरेदी न करता विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र करून बांधकाम केले असेल, तर सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव कायम असते. अशा वेळी फक्त बिल्डरला सामनेवाला केला आणि मालकाच्या वारसांना वगळले, तर आदेश निघाल्यावर ते हरकत घेतात. म्हणून सातबारा आणि जुने फेरफार पाहून आज हयात असलेल्या सर्व वारसांना पक्षकार करावे. त्याच सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा आहे का, हेही तेव्हाच कळते.

निगडी, आकुर्डीच्या प्राधिकरण भागातील सोसायट्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. बिल्डरकडे जो भाडेपट्ट्याचा हक्क होता तोच सोसायटीकडे येईल, मालकी येणार नाही. हे प्राधिकरण २०२१ मध्ये बरखास्त होऊन त्याची कामे आणि मालमत्ता पीएमआरडीए व महापालिका यांच्यात वाटली गेली. म्हणून आपली नस्ती कोणत्या कार्यालयात आहे, हे आधी शोधून ठेवावे.

आदेश मिळाला म्हणजे काम संपले, असे समजून पेढे वाटणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. पण अजून तीन पायऱ्या उरतात. दस्ताचा मसुदा मुद्रांक कार्यालयात अभिनिर्णयासाठी द्यावा लागतो. सर्व सदनिकांच्या करारांवर पूर्वीच पुरेसे मुद्रांक शुल्क भरलेले असेल, तर ते जमेस धरले जाते आणि संस्थेला फार थोडे भरावे लागते. पण एखाद्या जुन्या सभासदाचा करार कमी मुद्रांकाचा निघाला, तर ती वसुली तेथे उभी राहते. म्हणून प्रत्येकाने आपला करार आताच शोधून ठेवावा. त्यानंतर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी होते. तेथे बिल्डरला हजर राहण्याची पुन्हा नोटीस जाते, आणि तो आला नाही तर प्राधिकाऱ्याने नेमलेला अधिकारी त्याच्या जागी सही करतो. शेवटची पायरी म्हणजे तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयात फेरफार. ज्या दिवशी सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर सोसायटीचे नाव लागते, त्या दिवशी काम पुरे झाले.

हा उपाय कशासाठी नाही, तेही ध्यानात ठेवावे. मालकीचा गुंतागुंतीचा वाद सक्षम प्राधिकारी सोडवत नाही. १७ एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ही चौकशी संक्षिप्त स्वरूपाची आहे आणि ज्याला मालकीचा दावा सांगायचा असेल त्याने दिवाणी न्यायालयात जावे. म्हणजे आदेश मिळाल्यावर बिल्डर दावा लावू शकतो. पण तो केवळ 'वाद आहे' असे म्हणाला म्हणून आपला अर्ज फेटाळला जात नाही. तसेच यातून नुकसानभरपाई मिळत नाही आणि भोगवटा प्रमाणपत्रही येत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आहे. 'आता फार उशीर झाला' हे बिल्डरचे उत्तरही तपासून पाहावे. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेला भोगवटा प्रमाणपत्र नसल्याने जादा मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरावी लागत होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी ठरवले की, हे प्रमाणपत्र न देणे ही सतत चालू राहिलेली चूक आहे, त्यामुळे तक्रार मुदतबाह्य होत नाही. अभिहस्तांतरणाचे बंधनही बिल्डरवर सोसायटी जुनी झाली म्हणून संपत नाही. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज नोंदणीनंतर तीस वर्षांनीही करता येतो.

आणि खर्च? वकील, वास्तुविशारद, जाहीर नोटीस आणि नोंदणी मिळून जो आकडा होईल, तो सभासदसंख्येने भागून सभेसमोर ठेवावा. एक सदनिका विकताना जमीन सोसायटीच्या नावावर नाही म्हणून गिऱ्हाईक जी किंमत पाडून मागते, तिच्याशी त्याची तुलना करावी.

येत्या रविवारी घरातील ट्रंक उघडून करारनामा आणि सूची-२ काढून ठेवा, आणि सोसायटीच्या सचिवांना एकच प्रश्न विचारा, "आपल्या जमिनीचा आजचा उतारा कोणाच्या नावावर आहे?" उत्तर "बघावे लागेल" असे आले, तर तो उतारा काढून पुढच्या सभेत सर्वांसमोर वाचून दाखवायला सांगा.