बिलाची नक्कल देताना

जालन्याच्या मोंढ्यात माल घालणारे कारागीर आपल्या गावोगावी आहेत. कोणी खुरपी-विळे करतो, कोणी कोळपी करतो. आता त्यांच्याजवळ छापील बिलबुक असते. माल दिला की बिल फाडायचे. एक प्रत दुकानदाराला, एक आपल्याजवळ. दुकानदाराने पैसे थेट बँकेत भरावेत, म्हणून बिलाच्या तळाला आपला खाते क्रमांकही छापलेला असतो. ही सोय चांगली आहे. पण तेच बिल तिसऱ्याच माणसाच्या हाती गेले, तर काय होऊ शकते ते आपण पाहू.

समजा, बदनापूर तालुक्यात एक लोहारदादा आहेत. त्यांनी जालन्याच्या एका दुकानदाराला माल दिला. दहा कोळपी, एक हजाराला एक. आठ वखराच्या पासा, साडेचारशेला एक. चाळीस खुरपी, एकशेवीसला एक. एकूण बिल झाले 18,400 रुपयांचे. बिलाचा नंबर 42. दुकानदार म्हणाला, "पंधरा दिवसांनी पैसे टाकतो."

इकडे दादांना वेल्डिंगचे यंत्र घ्यायचे होते. त्यासाठी कर्ज हवे होते. एक एजंट घरी आला. तो म्हणाला, "दादा, धंदा चालतो हे दाखवायला बिलांच्या नकला द्या. आधारची नक्कल द्या, पॅनची द्या. उरलेले मी पाहतो." दादांनी सगळ्याच्या झेरॉक्स काढल्या, खाली सह्या केल्या आणि देऊन टाकल्या.

आता त्या एका बिलावर काय काय होते, ते वरून खाली वाचू या. दादांचे नाव, गाव, मोबाईल नंबर. दुकानदाराचे नाव आणि त्याचाही नंबर. कोणता माल, किती रुपयांचा. तळाला बँकेचे नाव, खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी कोड. आणि दादांची सही.

घाबरून जायला नको. नुसता खाते क्रमांक कळला म्हणून कोणाला आपल्या खात्यातून पैसे काढता येत नाहीत. त्या नंबरावर पैसे भरता येतात, एवढेच. खरा धोका वेगळा आहे. एकाच कागदावर इतक्या गोष्टी जुळून आल्या, की त्यांच्या जोरावर खोटे खऱ्यासारखे बोलता येते.

पहा कसे. नक्कल हाती आलेला लबाड माणूस मोबाईलवर तेच बिल पुन्हा तयार करतो. नाव दादांचेच, माल तोच, नंबर 42, रक्कम 18,400. फक्त तळाचा खाते क्रमांक दुसरा घालतो. मग ते दुकानदाराला पाठवतो. खाली लिहितो, "जुने खाते बंद झाले, पैसे नव्या खात्यात टाका." दुकानदार बिल ताडून पाहतो. सगळे बरोबर असते. तो पैसे पाठवतो. दादा महिनाभराने उधारी मागायला जातात, तर तो म्हणतो, "दादा, मी तर दिले!" दोघेही खरे बोलतात, आणि दोघांत भांडण लागते.

इथे बँकेची एक गोष्ट कळली पाहिजे. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवताना ते खाते क्रमांक पाहून जमा होत असत. नाव जुळते का, हे पाठवणाऱ्याला आधी दिसत नसे. म्हणून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितले, की 1 एप्रिल 2025 पर्यंत खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय करा. तेव्हा आपल्या दुकानदाराला सांगून ठेवावे, "नाव पाहिल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि माझे खाते बदलले असे कोणी कळवले, तर मला जुन्या नंबरावर फोन करा." त्या नव्या बिलावरच्या नंबरावर मात्र फोन करायचा नाही. तो लबाडाचाही असेल!

दुसरी तऱ्हा फोनची. "दादा, तुमचे 42 नंबरचे बिल ना? 18,400 चे? ते मंजूर झाले. मोबाईलवर आकडा येईल तो सांगा." इतके नेमके ऐकले की शहाणा माणूसही फसतो. तो आकडा म्हणजे ओटीपी. तो सांगितला की पैसे गेले.

मग नक्कल द्यायचीच नाही का? द्यायची. पण ज्याला जे लागते, तेवढेच द्यायचे. दुकानदाराला खाते क्रमांक लागतो, कारण त्याला पैसे भरायचे आहेत. एजंटाला काय लागते? धंदा किती आहे एवढेच. तारीख, माल, रक्कम दिसली की त्याचे काम झाले. खाते क्रमांक, मोबाईल आणि सही यांचे त्याला काही काम नाही.

झाकायचे कसे, यात बरेच जण चुकतात. मूळ बिलावर कधी खाडाखोड करू नये. ते आपल्या हिशेबाचे आहे. बिलाची झेरॉक्स काढावी. झेरॉक्सवर खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीच्यावर जाड कागदाची पट्टी चिकटवावी. दुकानदाराच्या नंबरावरही पट्टी लावावी. मग त्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढावी, आणि ही दुसरी नक्कल द्यावी. नुसत्या पेनाने खोडले, तर उजेडासमोर धरून आकडे वाचता येतात. मोबाईलवर फोटोत काळी रेघ ओढणेही तसेच. काही रेघा पातळ असतात, उजेड वाढवला की खालचे दिसते. त्यापेक्षा आधी कागदावर पट्टी लावून मग फोटो घ्यावा.

आणखी एक. बिलावर पैसे घेण्याचा यूपीआय पत्ता छापलेला असतो. पुष्कळदा त्यात आपला मोबाईल नंबरच असतो. वरचा नंबर झाकला आणि हा तसाच ठेवला, तर झाकून उपयोग काय?

नक्कल देताना तिच्या मधोमध, मजकुरावरून तिरपे लिहावे: "फक्त कर्जाच्या चौकशीसाठी." पुढे एजंटाचे नाव आणि तारीख. कोपऱ्यात लिहिले तर कापून टाकता येते. आधारची नक्कल द्यायचीच झाली, तर पहिले आठ आकडे झाकलेले आधार द्यावे. तसे आधार सरकारच्या आधार खात्याकडूनच मिळते.

पण याला मर्यादा आहे. प्रत्यक्ष कर्ज देताना बँकेला पूर्ण खाते क्रमांक, पॅन, सही सगळे लागते. अनुदानाच्या अर्जालाही पूर्ण बिल जोडावे लागते. तिथे झाकलेला कागद परत येईल. ते कागद एजंटाच्या हाती न देता आपण स्वतः शाखेत न्यावेत. मूळ कागद साहेबांना दाखवून परत घ्यावेत, आणि दिलेल्या नकलांची पोच मागावी. एजंट म्हणेल, "शाखेत जायची गरज नाही." तेव्हा तर जरूर जावे.

झेरॉक्सच्या दुकानात मोबाईलवरून कागद पाठवतो, तो त्यांच्या यंत्रात राहतो. निघण्यापूर्वी आपल्या डोळ्यांदेखत पुसायला लावावा.

आमच्या लोहारदादांच्या नकला तर गेल्या. आता काय? त्यांनी त्याच दिवशी दुकानदाराला फोन करावा. पैसे गेलेच असतील, तर ज्याच्या खात्यातून गेले त्याने, म्हणजे दुकानदाराने, लगेच 1930 या नंबरावर तक्रार करावी आणि आपल्या बँकेला कळवावे. पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता आले तर परत मिळू शकतात. दादांनी पॅन आणि आधारही दिले आहे. त्यांच्या नावावर दुसऱ्याच कोणी कर्ज उचलले का, हे सिबिलच्या अहवालात दिसते. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. दोन-तीन महिन्यांनी तो काढून, कर्जांची यादी एकेक ओळ करून वाचावी.