दुकान भाड्याने घेताय? '४०० स्क्वेअर फूट'मध्ये नेमकं किती दुकान मिळतं?

'रोडटच शॉप, ४०० स्क्वेअर फूट, भरपूर वर्दळ, पार्किंग उपलब्ध, भाडं २४,०००.' फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. यातला प्रत्येक शब्द खरा असू शकतो, आणि तरीही दुकान तुमच्या कामाचं नसू शकतं. कसं, ते याच जाहिरातीवरून पाहू.

४०० की २६०?

समजा, तुम्ही टेप घेऊन गेलात. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत रुंदी १० फूट आणि खोली २६ फूट भरली. म्हणजे वापरायला मिळणारी जागा २६० चौरस फूट. हा झाला कार्पेट एरिया. त्यात भिंतींची जाडी धरली की बिल्टअप, आणि जिना, पॅसेज, लॉबी यांचा वाटा मिळवला की सुपर बिल्टअप. जाहिरातीतले ४०० हे त्या शेवटच्या हिशोबाचे.

२०१६च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या आहे, पण ती बिल्डर नव्या प्रकल्पात विकत असलेल्या जागांसाठी. जुना गाळा भाड्याने देताना कुठला आकडा लिहायचा, हे मालक किंवा एजंटच ठरवतो.

आता भाडं बघा. २४,००० भागिले ४०० केलं तर दर ६० रुपये. पण २६०ने भागलं तर सुमारे ९२ रुपये. शेजारच्या गल्लीत '३०० कार्पेट, भाडं २५,५००' असा गाळा असेल, तर तो ८५ रुपये दराने पडतो. जाहिरातीत महाग वाटणारा गाळाच प्रत्यक्षात स्वस्त निघाला. म्हणून दोन जागांची तुलना नेहमी कार्पेटवरच करा. पोटमाळा क्षेत्रफळात धरला आहे का, तेही विचारा. ज्या माळ्यावर उभं राहता येत नाही, तिथे फक्त माल ठेवता येतो.

फ्रंटेज म्हणजे शटरची रुंदी नव्हे

फ्रंटेज म्हणजे दुकानाची रस्त्याकडची रुंदी. आपल्या गाळ्याची रुंदी १० फूट आहे, पण दोन्ही बाजूंना कॉलम असले तर शटर ८ फुटांचंच उघडतं. काउंटर आणि काचेचा शोकेस या ८ फुटांतच बसवावा लागतो. मेडिकल, मिठाई, मोबाईल अशा दुकानांना रुंद तोंड लागतं. शिंपी किंवा टॅक्स सल्लागाराचं काम अरुंद आणि खोल गाळ्यातही चालतं.

रस्त्याच्या पलीकडे उभं राहूनही एकदा बघा. समोर झाड, विजेची डीपी किंवा बसस्टॉप असेल तर पाटी दिसणार नाही. आणि शटरबाहेरची मोकळी जागा तुमची समजू नका. ती बहुतेकदा इमारतीची सामासिक जागा किंवा फुटपाथ असते. तिथे मांडलेला माल अतिक्रमण विभाग उचलू शकतो.

वर्दळ मोजता येते

'भरपूर' हा आकडा नाही. सकाळी ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ वाजता प्रत्येकी १५ मिनिटं उभं राहून मोजा. फक्त तुमच्या बाजूने चालणारी माणसं धरा. मध्ये दुभाजक असेल तर पलीकडची गर्दी क्वचितच ओलांडून येते, आणि वेगात जाणारी वाहनं ग्राहक नसतात. शेजारच्या दुकानात किती जण शिरले, हेही टिपा. संध्याकाळी १५ मिनिटांत १२० जण गेले आणि शेजारी दोघेच थांबले, तर तो घरी जाण्याचा रस्ता आहे, खरेदीचा नाही. मोजणी दोन वेगवेगळ्या दिवशी करा. आठवडी बाजाराच्या दिवशी मोजलेला आकडा फसवतो.

पार्किंग कोणाचं?

'उपलब्ध' म्हणजे सोसायटीच्या आत की रस्त्यावर? आत असेल तर ग्राहकांच्या गाड्यांना परवानगी आहे का, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा. रस्त्यावर असेल तर पाटी वाचा. पुण्यासारख्या शहरात पी-१, पी-२ पद्धतीत सम-विषम तारखेनुसार पार्किंगची बाजू बदलते. म्हणजे महिन्यातले जवळपास निम्मे दिवस दुकानासमोर गाडी लावता येत नाही.

मग जाहिरात कशी हवी?

अशी: 'तळमजला, कार्पेट २६० चौ. फूट (१० × २६), शटर ८ फूट, पोटमाळा वेगळा, समोर दुभाजक नाही, सोसायटीत २ दुचाकींची जागा, ग्राहकांसाठी रस्त्यावर सम-विषम पार्किंग, भाडं २४,०००, मेंटेनन्स वेगळा.'

मालकालाही यात फायदा आहे, कारण जागा बघून परत जाणारे लोक कमी होतात. आणि भाडेकरूने हेच तपशील, विशेषतः कार्पेट एरिया आणि पार्किंगची संख्या, लिव्ह अँड लायसन्स करारात लिहून घ्यावेत. उद्या वाद झाला तर जाहिरातीपेक्षा करारातली ओळच कामी येते.