मिरचीच्या वखारीतील घट आणि तूट

सुकी मिरची वखारीत ठेवली की तिचे वजन बदलत राहते. हवा कोरडी असेल तर ती आणखी सुकते, पोती हलवली की बी आणि चुरा गळतो आणि क्वचित एखादे पोते कायमचे नाहीसे होते. वर्षअखेरीस प्रत्यक्ष मोजदाद झाली की या सगळ्याचा परिणाम एकाच आकड्यात दिसतो: वहीत इतके किलो असायला हवे होते, काट्यावर त्याहून कमी भरले. हा फरक एका ओळीत ‘घट’ म्हणून काढून टाकण्याची सवय बहुतेक पेढ्यांत आहे. हिशेबाच्या दृष्टीने मात्र त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. मालाच्या स्वभावामुळे झालेली घट हा माल बाळगण्याचा खर्च आहे. चोरी, निष्काळजीपणा किंवा अपघात यांमुळे झालेली तूट हे नुकसान आहे. दोन्हींची नोंद वेगळी होते आणि वस्तू व सेवा कराचा प्रश्नही दोन्हींसाठी सारखा नाही.

एका काल्पनिक पण व्यवहारात सहज घडणाऱ्या उदाहरणावरून हे पाहता येते. एका घाऊक व्यापाऱ्याने डिसेंबरच्या अखेरीस नोंदणीकृत विक्रेत्याकडून एकाच प्रतीच्या मिरचीची 250 पोती घेतली. प्रत्येकी निव्वळ 40 किलो, म्हणजे एकूण 10,000 किलो. भाव किलोला 150 रुपये, त्यामुळे कर सोडून खरेदी 15 लाख रुपयांची झाली. विक्री पोत्याने होते, पण प्रत्येक पोते देताना पुन्हा तोलले जाते आणि बिल भरलेल्या वजनाचे होते. 31 मार्चपर्यंत 148 पोत्यांची, 5,891 किलोंची बिले झाली. वहीप्रमाणे 102 पोती आणि 4,109 किलो शिल्लक हवी होती. बारदानाचे वजन वजा जाता मोजदादीत 99 पोती आणि 3,910.5 किलो माल भरला. फरक तीन पोत्यांचा आणि 198.5 किलोंचा.

या टप्प्यावर कोणतीही नोंद करायची नसते. आधी मोजणी आणि वही एकाच क्षणाची आहेत का, हे पाहावे लागते. 31 मार्चच्या संध्याकाळी दोन पोती, 79 किलो, चलनावर बाहेर गेली होती आणि त्यांचे बिल 1 एप्रिलला फाडले गेले, असे इथे आढळले. माल मार्चमध्ये गेला, म्हणून विक्रीही मार्चचीच. ती धरल्यावर विक्री 150 पोती आणि 5,970 किलो होते, तर वहीतील शिल्लक 100 पोती आणि 4,030 किलो. खरा फरक उरतो एक पोते आणि 119.5 किलो. मोजदादीच्या दिवशी आवक-जावक बंद ठेवली आणि शेवटच्या चलनाचा क्रमांक मोजणीच्या कागदावर लिहिला, तर हा गोंधळ मुळातच होत नाही. याच वेळी शेजारच्या थप्प्याही पाहाव्यात. ब्याडगीत एक पोते कमी आणि शंकेश्वरीत एक जास्त असेल, तर पोते चुकीच्या थप्पीत गेलेले असते. वजनातली कमी-जास्त मात्र वेगवेगळ्या प्रतींत परस्पर वळती करू नये, कारण त्यांचे भाव वेगळे असतात.

आता 119.5 किलोंचे काय? खरेदीच्या 10,000 किलोंवर हे जवळपास 1.2 टक्के होतात. मिरचीत एवढी घट व्हायचीच, असे म्हणून सगळा आकडा सोडून देणे सोपे आहे, आणि टक्केवारीवर चालणाऱ्या पेढीत नेमके तेच होते. पण किलोंबरोबर पोत्यांचाही हिशेब मांडला की चित्र बदलते. सुकण्यामुळे प्रत्येक पोते थोडे थोडे हलके होते, पोत्यांची संख्या कमी होत नाही. शिल्लक 99 पोत्यांचे सरासरी वजन 39.5 किलो भरते, म्हणजे पोत्यामागे अर्धा किलो कमी. विकलेल्या 150 पोत्यांची सरासरी 39.8 किलो, म्हणजे पोत्यामागे 200 ग्रॅम कमी. ती पोती वखारीत कमी दिवस राहिली, म्हणून त्यांची घट कमी असणे स्वाभाविक आहे. विकलेल्या मालातली घट 30 किलो. उरलेल्या शंभर पोत्यांची, नाहीशा झालेल्या पोत्यासह, घट 50 किलो. मिळून 80 किलो. बाकीचे 39.5 किलो म्हणजे ते एक पोते. फरकाचा प्रत्येक किलो असा आपल्या जागी बसतो.

पोत्यामागे अर्धा किलो ही घट खरोखरच नैसर्गिक आहे का, हेही तपासता येते. मिरचीतले पाणी उडते, पण तिचा कोरडा भाग उडत नाही, हा त्या तपासणीचा पाया आहे. खरेदीच्या वेळी ओलावा 11 टक्के होता, म्हणजे 40 किलोंत 35.6 किलो कोरडा भाग. मोजदादीच्या दिवशी नमुन्यात ओलावा 10 टक्के निघाला, तर तोच 35.6 किलो भाग आता एकूण वजनाच्या 90 टक्के आहे. 35.6 ला 0.90 ने भागले की 39.56 किलो येतात. सुकण्याने सुमारे 440 ग्रॅम गेले. उरलेले पन्नास-साठ ग्रॅम पोत्याच्या शिवणीतून गळालेले बी आणि चुरा. वखार झाडल्यावर निघणारा हा चुरा तोलून ठेवला तर तोही आकडा पडताळता येतो. तो विकला गेला तर आलेली रक्कम घटीच्या खर्चातून वजा होते. ओलावा एक टक्क्याने उतरला असताना कुणी पोत्यामागे दीड किलो घट दाखवत असेल, तर तो एक किलो हवेत गेलेला नाही.

याची दुसरी बाजू खरेदीच्या वेळची आहे. अख्ख्या सुक्या मिरचीत ओलावा 11 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असे अन्नसुरक्षेच्या मानकांत आहे. वजन वाढवण्यासाठी पाणी मारलेली, 14 टक्के ओलाव्याची मिरची आली आणि ती 10 टक्क्यांवर उतरली, तर वजन साडेचार टक्क्यांच्या जवळपास घटते. ही घट वखारीची म्हणता येणार नाही. पाणी मिरचीच्या भावाने विकत घेतलेले असते आणि त्याचा हिशेब विक्रेत्याशी व्हायला हवा. त्यासाठी आवकेच्या दिवशीचा ओलावा काटापट्टीवर लिहिलेला असला पाहिजे. तीन महिन्यांनी केलेली तक्रार कुणी ऐकत नाही.

ऋतूही लक्षात घ्यावा लागतो. उन्हाळ्यात हलकी झालेली मिरची पावसाळ्याच्या दमट हवेत पुन्हा पाणी धरते. समजा, हीच मोजदाद ऑगस्टमध्ये झाली आणि तोवर 99 पोत्यांनी प्रत्येकी 400 ग्रॅम ओलावा शोषला, तर जवळपास 40 किलो वाढतील आणि हरवलेले पोते वजनात झाकले जाईल. किलोंचा मेळ बसलेला दिसेल आणि कुणी पोती मोजणारच नाही. त्यामुळे फक्त वजनावर विसंबलेली मोजदाद अर्धवटच म्हणावी लागेल. नेहमीची घट किती, हे ठरवण्यासाठी थप्पीच्या वेगवेगळ्या थरांतली चार-पाच पोती खुणेची म्हणून राखून ती दर महिन्याला तोलणे हा सोपा उपाय आहे. त्या नोंदींतून त्या वखारीचे, त्या प्रतीचे आणि त्या हंगामाचे प्रमाण मिळते. शेजारच्या गाळ्यातली टक्केवारी उसनी घेऊन काम भागत नाही.

यानंतर जमाखर्च. नैसर्गिक घटीची वेगळी रक्कम नफा-तोट्यात दाखवायची नसते. तिचा भार चांगल्या मालावर पडतो. 15 लाख रुपयांत हाती लागण्याजोगा माल 10,000 नव्हे, तर 9,920 किलो होता. म्हणून किलोचा खरा खर्च 150 ऐवजी 151.21 रुपये. या दराने विकलेल्या 5,970 किलोंचा खर्च 9,02,722 रुपये, शिल्लक 3,910.5 किलोंचे मूल्य 5,91,305 रुपये आणि हरवलेल्या 39.5 किलोंचे 5,973 रुपये. तिन्हींची बेरीज पुन्हा 15 लाख. भारतीय लेखा मानक 2 प्रमाणे मालाच्या असाधारण नासाडीची रक्कम साठ्याच्या खर्चात धरता येत नाही, म्हणून 5,973 रुपये ‘साठ्यातील तूट’ या खात्यावर नावे पडतात आणि त्याच वर्षीच्या नफ्यातून जातात. हे पोतेही घटीत ढकलले असते, तर किलोचा खर्च 151.81 रुपये झाला असता आणि शिल्लक साठा सुमारे 2,360 रुपयांनी फुगला असता. गेलेल्या मालाची किंमत अशी उरलेल्या मालात लपून पुढच्या वर्षात जाते. मात्र बाजारभाव पडून मिरची 151.21 पेक्षा कमीत विकली जाणार असेल, तर साठ्याचे मूल्य त्या कमी भावानेच धरावे लागते.

कराच्या बाबतीतही हाच फरक महत्त्वाचा ठरतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 17(5)(ज) म्हणजे इंग्रजी मजकुरातल्या ‘एच’ उपकलमानुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. सुक्या मिरचीवर कर 5 टक्के. एका पोत्याची खरेदी 6,000 रुपयांची, म्हणजे आधी घेतलेले 300 रुपये परत करावे लागतात. खरेदी राज्यातलीच असेल तर केंद्र आणि राज्य यांचे दीडशे-दीडशे. ही रक्कमही नुकसानात जाते आणि एकूण तूट 6,273 रुपये होते. 80 किलो घटीची गोष्ट वेगळी. ती पोती हरवलेली नाहीत. त्यांतले फक्त पाणी उडाले आहे. उत्पादन प्रक्रियेत अटळपणे होणारी घट या उपकलमात येत नाही, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला आहे. साठवणुकीतली घट मात्र उत्पादनातली नाही, त्यामुळे व्यापाऱ्याला तो निर्णय जसाच्या तसा लागू होतो असे गृहीत धरू नये. ओलाव्याचे आणि खुणेच्या पोत्यांचे कागद हाताशी ठेवून कर सल्लागाराचे मत घ्यावे.

टॅलीसारख्या प्रणालीत Physical Stock हे व्हाउचर वापरले की वहीतील नग मोजणीइतके होतात, पण माल का कमी झाला याचे उत्तर त्यात उरत नाही. फरक विक्री झालेल्या मालाच्या खर्चात विरघळतो आणि फक्त ढोबळ नफा थोडा खाली आलेला दिसतो. त्याऐवजी Stock Journal मध्ये 80 किलो आणि 39.5 किलो अशा दोन वेगळ्या नोंदी, प्रत्येकीच्या कारणासह, कराव्यात. पोत्याच्या नोंदीला मोजणीचा कागद, शेवटच्या चलनाचा क्रमांक आणि मालकाची सही जोडावी. चोरीचा संशय असेल तर पोलीस तक्रारीची प्रतही. हरवलेला, चोरीला गेलेला आणि काढून टाकलेला माल साठ्याच्या हिशेबात वेगळा दाखवणे वस्तू व सेवा कराच्या नियम 56 प्रमाणे बंधनकारक आहे, आणि हे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावे लागतात.